आधी गजर कोणाचा? पोटॅशियम-४० आणि दोन घातांकी प्रतीक्षाकाळांची शर्यत

पोटॅशियम-४० च्या अणुकेंद्रकाला संपायला दोन वाटा आहेत. एका वाटेने त्याचं कॅल्शियम-४० होतं आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. दुसऱ्या वाटेने ते स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि आर्गॉन-४० बनतं. ही दुसरी वाट निवडली की बहुतेक वेळा १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरणही निघतो, म्हणून कोणती वाट लागली हे बाहेरून कळू शकतं.

यातून दोन प्रश्न निघतात. आर्गॉनची वाट आधी लागण्याची शक्यता किती? आणि कोणत्याही वाटेने का होईना, अणुकेंद्रक संपायला किती काळ लागतो? हा दोन स्वतंत्र घातांकी प्रतीक्षाकाळांचा नमुनेदार प्रश्न आहे. उत्तरं सोपी आहेत आणि बहुतेकांना पाठही असतात. घोळ होतो तो त्यांच्यामागे लपलेल्या तिसऱ्या गोष्टीपाशी, म्हणून या लेखात सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवला आहे.

पायरी १: दर लिहा, एकक एकच ठेवा

प्रत्येक अणुकेंद्रकाजवळ गजराची दोन घड्याळं आहेत असं समजा, एक आर्गॉनचं आणि एक कॅल्शियमचं. जे आधी वाजेल त्या वाटेने अणुकेंद्रक जाईल, आणि मग दुसऱ्याचा गजर कधीच ऐकू येणार नाही. आर्गॉनच्या घड्याळाचा प्रतीक्षाकाळ X, कॅल्शियमच्या घड्याळाचा Y. दोन्ही घातांकी, दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. X चा दर λ आणि Y चा दर μ.

भूवैज्ञानिकांनी १९७७ मध्ये ठरवलेले आणि पुढे कित्येक दशकं वापरलेले क्षयदर घेऊ. नंतरच्या मोजमापांनी त्यांचे शेवटचे आकडे थोडे सरकवले, पण पद्धत समजायला तेच सोयीचे आहेत. वेळेचं एकक सगळीकडे अब्ज वर्षं:

```
λ (आर्गॉन)    = 0.0581 प्रति अब्ज वर्षे
μ (कॅल्शियम)  = 0.4962 प्रति अब्ज वर्षे
λ + μ         = 0.5543 प्रति अब्ज वर्षे
```

दर, सरासरी आणि अर्धायुष्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्ध्याहून जास्त चुका इथेच होतात. सरासरी म्हणजे १ भागिले दर. अर्धायुष्य म्हणजे ०.६९३१ भागिले दर. आर्गॉनच्या घड्याळाची सरासरी १७.२१ अब्ज वर्षं, तर अर्धायुष्य ११.९३ अब्ज वर्षं. कॅल्शियमच्या घड्याळाची सरासरी २.०१५ अब्ज वर्षं आणि अर्धायुष्य १.३९७ अब्ज वर्षं. हातात यांतलं काहीही आलं तरी आधी दर काढायचा आणि मगच पुढे जायचं.

पायरी २: आधी वाजणाऱ्या गजराचा नियम

दोन्ही काळांपैकी लहान तो M म्हणू. M चं वितरण काढताना «t च्या आत काहीतरी वाजलं» इथून सुरुवात केली तर हिशेब उगाच वाढतो, कारण आर्गॉनचं वाजलं, कॅल्शियमचं वाजलं, दोन्ही वाजले अशा शक्यता निघतात. उलट बाजूने जा. M हा t पेक्षा मोठा आहे याचा अर्थ एकच: t पर्यंत दोन्ही घड्याळं गप्प आहेत. घड्याळं स्वतंत्र, म्हणून सरळ गुणाकार:

```
P(M > t) = P(X > t) · P(Y > t)
         = e^(−λt) · e^(−μt)
         = e^(−(λ+μ)t)
```

हा पुन्हा घातांकी नियमच आहे आणि त्याचा दर λ+μ. म्हणजे दरांची बेरीज होते, सरासऱ्यांची नाही. पोटॅशियम-४० चं पुस्तकात छापलेलं अर्धायुष्य सुमारे १.२५ अब्ज वर्षं असतं, ते इथूनच येतं: ०.६९३१ भागिले ०.५५४३.

इथे एक झटपट तपासणी करता येते. दोनांतला लहान काळ सरासरीने दोघांपेक्षाही लहानच असला पाहिजे. १.२५ हा आकडा ११.९३ पेक्षा लहान आहे आणि १.३९७ पेक्षाही लहान आहे. कोणी दोन अर्धायुष्यांची सरासरी काढून ६.६६ लिहिलं, तर पुढचं न वाचताच उत्तर चूक म्हणता येतं.

पायरी ३: कोण जिंकलं

आता X < Y ची शक्यता. वर्गात इथे दुहेरी समाकलन मांडतात, त्याने उत्तर बरोबर येतं पण हाती फक्त एक आकडा लागतो. त्यापेक्षा एका बारीकशा क्षणाकडे पाहा. आर्गॉनचा गजर नेमका t आणि t+dt यांच्या मध्ये वाजला आणि तोवर कॅल्शियमचं घड्याळ गप्प होतं, याची शक्यता:

```
λ e^(−λt) dt · e^(−μt)
= λ e^(−(λ+μ)t) dt
= [ λ/(λ+μ) ] · [ (λ+μ) e^(−(λ+μ)t) dt ]
```

शेवटच्या ओळीत नवीन काही केलेलं नाही, फक्त (λ+μ) ने गुणलं आणि भागलं. पण आता दोन कंस सुटे झाले. उजव्या कंसात M ची घनता आहे, तीच जी पायरी २ मधून येते. डाव्या कंसात t चा मागमूसही नाही. सगळ्या t वर बेरीज केली की उजव्या कंसाचा १ होतो आणि उरतं:

```
P(X < Y) = λ/(λ+μ) = 0.0581/0.5543 = 0.1048
```

म्हणजे साधारण दहा-साडेदहा टक्के अणुकेंद्रकं आर्गॉनकडे जातात आणि बाकी ८९.५ टक्के कॅल्शियमकडे. दर हातात नसून सरासऱ्या a आणि b असतील, तर X जिंकण्याची शक्यता b/(a+b) होते. अंशात प्रतिस्पर्ध्याची सरासरी येते. हे उलटं वाटतं म्हणूनच घाईत a वर लिहिला जातो. ज्याची सरासरी लहान तो जिंकायला हवा, एवढं डोक्यात ठेवलं की चूक लगेच सापडते.

पायरी ४: ती ओळ पुन्हा वाचा

डाव्या कंसात t नाही याचा अर्थ असा, की कोण जिंकलं हे कळल्यावर शर्यत कधी संपली याबद्दल काहीही नवं कळत नाही. विजेता आणि M एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. लोक अडखळतात ते इथे. आर्गॉनचं घड्याळ इतकं सुस्त, सरासरी १७ अब्ज वर्षांचं, तर आर्गॉनच्या वाटेने गेलेली अणुकेंद्रकं सावकाश गेली असणार असं मनाला वाटतं. तसं नाही. आर्गॉन झालेल्यांचा सरासरी प्रतीक्षाकाळ १.८०४ अब्ज वर्षं आणि कॅल्शियम झालेल्यांचाही १.८०४ अब्ज वर्षंच. सुस्त घड्याळाला जिंकायचं असेल तर त्याला लवकरच वाजावं लागतं, नाहीतर कॅल्शियमचं घड्याळ त्याला गाठतंच. जिंकलेल्या शर्यतीच तेवढ्या पाहिल्या की सुस्त घड्याळ चपळ दिसतं.

१०,००० अणुकेंद्रकं घेऊन पहिल्या १ अब्ज वर्षांचा हिशेब करू. बरोबर पद्धतीत आधी एकूण किती संपली ते काढायचं आणि मग वाटून द्यायचं. १ − e^(−०.५५४३) म्हणजे ०.४२५५, म्हणून ४,२५५ संपली. त्यांतली १०.४८ टक्के म्हणजे ४४६ आर्गॉनकडे आणि ३,८०९ कॅल्शियमकडे.

चुकीच्या पद्धतीत प्रत्येक घड्याळ एकटंच आहे असं धरून मोजतात. आर्गॉनसाठी १ − e^(−०.०५८१), म्हणजे ५६४. कॅल्शियमसाठी १ − e^(−०.४९६२), म्हणजे ३,९१२. बेरीज ४,४७६. खरी संख्या ४,२५५ होती, मग २२१ जास्त कुठून आली? ज्यांची दोन्ही घड्याळं १ अब्ज वर्षांच्या आत वाजली असती अशी ती २२१ अणुकेंद्रकं आहेत, आणि त्यांना दोन्ही खात्यांत धरलं गेलं. प्रत्यक्षात दुसरा गजर वाजायला अणुकेंद्रक शिल्लकच नव्हतं. बेरीज जुळत नसेल तर हा फरक नेमका दोन्ही एकेकट्या शक्यतांच्या गुणाकाराएवढा आहे का ते पाहा: ०.०५६४ गुणिले ०.३९१२ म्हणजे ०.०२२१. तेवढाच निघाला तर रोग सापडला.

पायरी ५: संगणकावर पडताळा

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(40)
n = 1_000_000
ar = rng.exponential(scale=1/0.0581, size=n)
ca = rng.exponential(scale=1/0.4962, size=n)
m = np.minimum(ar, ca)
w = ar < ca
print(w.mean(), m.mean(), m[w].mean(), m[~w].mean())
```

पहिला आकडा ०.१०४८ च्या आसपास आणि पुढचे तिन्ही १.८० च्या आसपास यायला हवेत. तिसरा आकडा जास्त हलेल, कारण दहा लाखांतल्या फक्त लाखभर शर्यती आर्गॉन जिंकतो. त्याची प्रमाण त्रुटी ०.००६ च्या घरात आहे.

इथली ठरलेली चूक म्हणजे `scale` मध्ये दर टाकणं. नमपायला तिथे सरासरी हवी असते. `scale=0.0581` आणि `scale=0.4962` लिहिलंत तर पहिला आकडा ०.८९५ येईल, म्हणजे १ − ०.१०४८, आणि दुसरा ०.०५२. उत्तर १ मधून वजा केल्यासारखं दिसलं की आधी `scale` तपासा.

पायरी ६: हाच हिशेब दख्खनच्या दगडावर

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून पसरला. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन वायू निसटून जातो. थिजल्यावर तयार झालेला आर्गॉन मात्र खनिजांत अडकतो. दगडात आज पोटॅशियम-४० किती आणि अडकलेला आर्गॉन-४० किती, यांच्या गुणोत्तरावरून वय काढतात.

दगडातलं पोटॅशियम तर पृथ्वीपेक्षाही जुनं आहे, मग मोजणी लाव्हा थिजल्यापासून कशी धरायची? घातांकी प्रतीक्षाकाळाला भूतकाळ आठवत नाही, म्हणून. पाच अब्ज वर्षं टिकलेल्या अणुकेंद्रकाचा उरलेला प्रतीक्षाकाळ ताज्या अणुकेंद्रकासारखाच असतो, आणि दोन्ही वाटांची शक्यताही तीच. लाव्हा थिजताना शून्यावर येतो तो फक्त आर्गॉनचा साठा. घड्याळांना हात लावावा लागत नाही.

आज उरलेली अणुकेंद्रकं N असतील, तर सुरुवातीला ती N गुणिले e^((λ+μ)t) होती. जी संपली त्यांतली λ/(λ+μ) एवढी आर्गॉन झाली. म्हणून आर्गॉन भागिले पोटॅशियम हे गुणोत्तर R धरलं तर:

```
R = λ/(λ+μ) · ( e^((λ+μ)t) − 1 )
t = 1/(λ+μ) · ln( 1 + R·(λ+μ)/λ )
```

समजा R = 0.003906 आलं, म्हणजे दहा लाख पोटॅशियम-४० मागे ३,९०६ आर्गॉन. (λ+μ)/λ म्हणजे ९.५४०. गुणाकार ०.०३७२६. १.०३७२६ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.०३६५८. त्याला ०.५५४३ ने भागलं की ०.०६६० अब्ज वर्षं, म्हणजे ६ कोटी ६० लाख.

आता दोन चुका पाहू. पहिलीत माणूस वाटणी विसरतो आणि ln(1+R) ला सरळ ०.५५४३ ने भागतो. उत्तर येतं ७० लाख वर्षं. ते इतकं ढळढळीत चुकलेलं असतं की फारसं नुकसान होत नाही.

दुसरी चूक धूर्त आहे. «आर्गॉन मोजतोय तर आर्गॉनचाच दर घ्यावा» असं म्हणून ln(1+R) ला ०.०५८१ ने भागलं जातं. उत्तर येतं ६ कोटी ७१ लाख वर्षं. पाहणाऱ्याला ते पटतं, कारण आकडा योग्य घरातला वाटतो. पण चूक ११ लाख वर्षांची आहे, आणि दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य भागच साधारण १० लाख वर्षांत किंवा त्याहून कमी काळात आटोपला असं आता मानलं जातं. म्हणजे जो प्रश्न सोडवायचा तोच या चुकीत बुडून जातो. कारण असं, की या सूत्रात सुरुवातीचं पोटॅशियम म्हणजे आजचं पोटॅशियम अधिक आर्गॉन असं धरलं जातं आणि कॅल्शियमच्या वाटेने गेलेली अणुकेंद्रकं विसरली जातात. आर्गॉन तयार करणारी मंडळी खरं तर जास्त होती, म्हणून तेवढा आर्गॉन साचायला कमी काळ पुरला. वय वाढतं तशी ही चूक फुगत जाते. खरं वय १ अब्ज वर्षं असलेल्या दगडाला ही पद्धत १.२९ अब्ज देते.

प्रयोगशाळेत आणखी एक वजाबाकी असते ती जाता जाता सांगतो. दगडात हवेतला आर्गॉनही शिरलेला असतो. हवेत आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ यांचं प्रमाण जवळपास ३००:१ आहे, म्हणून आर्गॉन-३६ मोजून त्याच्या तेवढ्या पट आर्गॉन-४० वजा करायचा. बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळात कमी असल्याने ही वजाबाकी क्षुल्लक नसते.

दोनांवरून कितीही घड्याळांवर

पायरी २ मधला गुणाकार दोनांवर थांबत नाही. १ ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये सुमारे १.८ × १०^१८ अणुकेंद्रकं पोटॅशियम-४० ची असतात. त्यांच्या दरांची बेरीज केली की सेकंदाला सुमारे ३१.६ येते. म्हणून त्या ग्रॅममधल्या पहिल्या क्षयाची वाट सरासरीने ०.०३२ सेकंद पाहावी लागते, जरी एकेका अणुकेंद्रकाची सरासरी जवळपास दोन अब्ज वर्षांची असली तरी. एका वाटीत १ ग्रॅम आणि दुसरीत २ ग्रॅम पोटॅशियम ठेवलं, तर पहिला क्षय छोट्या वाटीत होण्याची शक्यता ३१.६ भागिले ९४.८, म्हणजे एक तृतीयांश.

दर मोजून काढायचे असतील तर

उलट दिशेने जाताना, म्हणजे निरीक्षणांवरून λ काढताना, आर्गॉन जिंकलेल्या शर्यतींचे काळ घेऊन त्यांची सरासरी काढू नका. पायरी ४ प्रमाणे तिथे १.८०४ येईल आणि दर ०.५५४३ निघेल, जो λ नव्हे तर λ+μ आहे. बरोबर रीत अशी: आर्गॉनचे विजय मोजा आणि त्यांना सगळ्या शर्यतींच्या एकूण काळाने भागा, हरलेल्या शर्यतीही धरून. μ साठी छेद तोच, अंशात कॅल्शियमचे विजय. दुरुस्तीच्या नोंदींत «पंप बिघडेपर्यंतचा काळ» काढतानाही हेच लागू पडतं. मोटर आधी जळाली म्हणून पंप बदलला असेल, तर त्या पंपाचे तास छेदात राहिलेच पाहिजेत.

सूत्र कुठे लागू पडत नाही

अणुकेंद्रकं म्हातारी होत नाहीत, पंप होतात. बेअरिंग झिजतं, तसा त्याचा दर वाढत जातो, आणि मग λ/(λ+μ) हा एकच आकडा देणं फसवं ठरतं. हे ओळखायला पायरी ४ चाच उपयोग होतो. शर्यती लवकर संपलेल्या आणि उशिरा संपलेल्या अशा दोन ढिगांत वाटा आणि प्रत्येक ढिगात X किती टक्के जिंकला ते पाहा. दर कायम असतील तर दोन्ही टक्केवाऱ्या योगायोगाच्या फरकापुरत्या सारख्या येतील. लवकरच्या ढिगात १० आणि उशिराच्या ढिगात ३० टक्के आले, तर किमान एक घड्याळ घातांकी नाही.

टक्केवाऱ्या सारख्या आल्या तरी काम संपत नाही, कारण दोन्ही दर एकाच प्रमाणात वाढत असतील तरीही त्या सारख्याच राहतात. म्हणून P(M > t) चा लॉगरिदम t विरुद्ध आलेखावर काढून तो सरळ रेषेत पडतो का हेही पाहायचं. वाकला तर दर बदलतोय.

आणि दोन घड्याळं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक मात्र असल्या नोंदींवरून तपासता येत नाही. प्रत्येक शर्यतीत आपल्याला फक्त M आणि विजेता दिसतो, हरलेल्या घड्याळाचा काळ कधीच दिसत नाही. परस्परांवर अवलंबून असलेल्या घड्याळांची अशी जोडी नेहमी रचता येते की तिच्या नोंदी हुबेहूब स्वतंत्र जोडीसारख्या दिसतील. पोटॅशियमच्या बाबतीत याने काही अडत नाही, कारण अणुकेंद्रकात खरोखर दोन घड्याळं नाहीतच. तिथे आहेत ते दोन दर, आणि वरचं सगळं गणित त्या दोन दरांवरच चालतं. पण «मोटरचा बिघाड पूर्णपणे थांबवला तर पंप किती टिकेल?» असा प्रश्न विचारला, तर उत्तर स्वतंत्रतेच्या गृहीतकावरच उभं असतं. एकाच खराब व्होल्टेजने दोन्ही जळत असतील, तर ते उत्तर नोंदींतून नव्हे, वायरिंग पाहून द्यावं लागतं.